लहानपणीच्या बिस्किटाचा माग: दुकानदारांना पत्र लिहिताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या पत्राला पाच उत्तरं आली आणि त्या पाचांत मिळून चार वेगवेगळी बिस्किटं निघाली. दुकानदारांचं काहीच चुकलं नव्हतं. मी लिहिलं होतं ते असं: ‘आमच्या लहानपणी एक चौकोनी, गोड, खुसखुशीत बिस्किट मिळायचं. वर साखर असायची. तोंडात टाकलं की विरघळायचं. नाव आठवत नाही. ते अजून मिळतं का?’ या वर्णनात बसणारी बिस्किटं कुठल्याही दुकानात चार-पाच तरी सापडतील. तेच पत्र दुसऱ्यांदा लिहिताना काय बदललं, ते सांगतो.

चव सांगत बसणं

आपल्याला बिस्किट आठवतं ते जिभेनं. दुकानदाराला ते आठवतं हातानं. त्यानं ते कदाचित कधी खाल्लंही नसेल, पण खोकं फोडलंय, पुडे रचलेत, सुटं असेल तर तोलून दिलंय, तळाला राहिलेला चुरा झटकलाय. म्हणून पत्राच्या पहिल्या तीन-चार ओळींत त्याच्या बाजूच्या खुणा हव्यात. बिस्किट सुटं मिळायचं की पुड्यात? सुटं असेल तर डबा पत्र्याचा होता की काचेची बरणी? नगावर द्यायचे की वजनावर? पुडा असेल तर कागद मेणचट होता की कुरकुरणारा चकचकीत? टोकं घडी घालून चिकटवलेली होती की पिळलेली? शेजारच्या फळीवर काय असायचं, हेसुद्धा लिहा. माझ्या दुसऱ्या पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ अशी होती: ‘पत्र्याच्या मोठ्या चौकोनी डब्यातून, काचेच्या झाकणाआडून दिसायचं, आणि नगावर मिळायचं.’

वर्षं आणि ठिकाणही लिहा. मात्र तुम्ही राहत होता ते नव्हे, जिथून बिस्किट आणलं जायचं ते. बरीच बिस्किटं ठरावीक पट्ट्यातच जायची. पाहुण्यांनी दुसरीकडून आणलेलं बिस्किट घराजवळच्या दुकानदाराला माहीत असेलच असं नाही.

प्रकाराला ब्रँड समजणं

ही चूक फार होते. ‘मारी’ हे एका कंपनीच्या मालकीचं नाव असल्यासारखं लिहिलं जातं. लंडनच्या पीक फ्रीन या कंपनीनं 1874 मध्ये रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त ते काढलं खरं, पण पुढे जगभर अनेकांनी त्याच नावाची बिस्किटं केली. बर्बन, क्रीम, ग्लुकोज यांचंही तसंच. नुसतं ‘मारीसारखं’ लिहिलंत तर दुकानदार आज ज्याची मारी विकतो, तिचंच नाव कळवील.

प्रकार ओलांडून ब्रँडपर्यंत नेतात त्या काठाच्या आणि पृष्ठभागाच्या खुणा. फ्रान्समधल्या नांत शहरात 1886 मध्ये निघालेलं पेती-ब्यूर घ्या. त्याच्या कडेला चार कोपरे धरून 52 दाते आणि अंगावर 24 टिंबं असतात. ती मोजली की नक्कल आणि अस्सल यांतला फरक कळू शकतो. तुम्हाला आकडा आठवणार नाही, पण कड सरळ होती की करवतीसारखी, दाते टोकदार होते की गोलसर, भोकं ओळीत होती की विखुरलेली, हे बरेचदा आठवतं. मला कड नीट आठवत होती, कारण मी दाते एकेक करून कुरतडायचो.

दोन बिस्किटांचं एक करणं

स्मरणात दोन बिस्किटं मिसळतात, आणि मग पत्रात असं बिस्किट तयार होतं जे कुणीच कधी बनवलेलं नसतं. हे पकडण्यासाठी बिस्किट कसं बनतं ते थोडं माहीत हवं.

कडक बिस्किटांचं पीठ चांगलं मळून, लाटून, मग कापतात. भट्टीत वाफेनं फोड येऊ नयेत म्हणून त्याला आरपार भोकं पाडतात. असं बिस्किट टक्कन मोडतं, आणि त्यावरची अक्षरं उथळ असतात. दुसऱ्या प्रकारात तूप-साखर जास्त असते. ते भुसभुशीत पीठ कोरलेल्या रुळाच्या साच्यात दाबतात, म्हणून नक्षी खोल आणि उठावदार येते आणि बिस्किट मोडताना भुगा पडतो. अपवाद आहेत, पण ‘टक्कन मोडायचं’ आणि ‘वर खोल उठावाचं फूल होतं’ ही दोन्ही वाक्यं तुमच्या पत्रात शेजारी असतील, तर थांबा. दोन आठवणी एकत्र आल्या असण्याची शक्यता मोठी आहे.

माझ्या बाबतीत तेच झालं होतं. ‘विरघळायचं’ हे दुसऱ्याच बिस्किटाचं होतं. मी कुरतडायचो त्या बिस्किटाचे दाते कडक होते आणि मोडल्याचा आवाज यायचा. ते वाक्य काढलं तेव्हा पत्र सरळ झालं.

मापाचंही सांभाळा. लहान हातात सगळंच मोठं वाटतं. ‘तळहाताएवढं’ लिहिण्यापेक्षा ते कशात मावायचं ते लिहा: कपात आडवं जायचं की उभंच घालावं लागायचं? शक्य असेल तर कागदावर खऱ्या मापाची बाह्यरेषा काढून पत्राला जोडा.

‘अजून मिळतं का?’ एवढंच विचारणं

याला सर्वांत सोपं उत्तर ‘बंद झालं’ असतं, आणि त्या दोन शब्दांत चार निराळ्या गोष्टी दडतात. त्यानं स्वतः ठेवणं बंद केलं असेल. त्याच्याकडे येणाऱ्या वितरकानं माल आणणं थांबवलं असेल. बिस्किट आहे तसं असून नाव किंवा वेष्टण बदललं असेल. किंवा कंपनीनं खरोखरच ते बनवणं सोडलं असेल. ब्रँड उरला नाही, हा अर्थ फक्त चौथ्यातच आहे. म्हणून प्रश्न सुटे करा: तुम्ही हे विकलं आहे का? शेवटचं साधारण कधी? माल कोण आणायचं? पुड्यावर बनवणाऱ्याचं नाव काय होतं? उत्तरासाठी जागा सोडलेलं, स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं कार्ड सोबत घाला. चार ओळी भरायला दुकानदार तयार होतो, पत्र लिहायला नाही.

स्वतःचा अंदाज, म्हणजे ‘बहुधा अमुक नाव असावं’, शेवटी आणि अंदाज म्हणूनच लिहा. वर लिहिलात तर चांगल्या मनाचा माणूस ‘हो, तेच’ म्हणून मोकळा होतो. मी खुणा तीन गटांत लिहिल्या: नक्की, बहुतेक, ऐकीव. ‘नक्की’मध्ये चारच उरल्या: डबा, नगावर विक्री, दातेरी कड, वरची जाड साखर.

दुसऱ्या खेपेला किरकोळ दुकानांबरोबर दोन जुन्या होलसेलवाल्यांनाही पत्र धाडलं. त्यातल्या एकानं कार्ड भरून पाठवलं. मोठे डबे येणं थांबलं, आता तोच माल छोट्या पुड्यात आणि वेगळ्या नावानं येतो, बनवणारे तेच, असं त्यानं लिहिलं होतं आणि खाली नवं नाव दिलं होतं. पुडा मागवला. आधी काठ पाहिला, मग बिस्किट माझ्या बाह्यरेषेवर ठेवलं. दाते जुळले, साखरही तशीच जाड होती. चारही बाजूंनी मात्र बोटभर कागद मोकळा राहिला.