पन्नास जणांची स्क्रॅम्बल्ड अंडी, शेवटच्या ताटापर्यंत पिवळी

शिबिरात पहिल्या दहा जणांना मऊ अंडी मिळतात. शेवटच्या दहांना हिरवट-करडा चोथा, आणि तळाशी पाणी. आमचंही दोन वर्षं हेच झालं.

शंभर अंडी एकदम करू नका, पंचवीस-पंचवीसचे चार घाणे काढा. एका घाण्याचं प्रमाण असं:

१. दीड कप गार दुधात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गुठळ्या न ठेवता कालवा. मग अंडी, मीठ आणि दीड छोटा चमचा लिंबाचा रस घालून फेटा. कॉर्नफ्लोअर पाणी धरून ठेवतं, लिंबामुळे रंग टिकतो. एवढ्याशा रसाने आंबट लागत नाही.

२. लोण्यावर मंद आचेवर उलथन्याने तळ खरवडत राहा. लोखंडी कढई नको, रंग तिथेच जातो. अंडी दाट झाली, पण वरून ओलसर चमकतायत, तेव्हाच उतरवा. भांड्याच्या उष्णतेने ती पुढे शिजतातच. थोडं गार लोणी ढवळा.

३. स्टीलचं भांडं वाफाळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून झाका. पाण्याला उकळी नको. झाकणाखाली पातळ फडकं बांधा, नाहीतर थेंब अंड्यांत पडतात.

कांदा-टोमॅटो वेगळा परतून ताटात वाढा, टोमॅटोचं पाणी सगळं बिघडवतं.

एक मात्र पाळा: जुन्या घाण्यावर नवा ओतू नका. अंडी ६० अंशांच्या वर गरम राहिली पाहिजेत, वाढताना कच्चा द्रव दिसता कामा नये, आणि अर्ध्या तासात भांडं रिकामं व्हायला हवं.