या चुका टाळा: एकाच ओढणीचे दोन फोटो, दोन रंग

पांढऱ्या कागदावर मरून सुती ओढणी अंथरून खिडकीजवळ दोन फोटो काढले. पूर्ण ओढणीच्या फोटोत कागद राखाडी आणि मरून काळपट दिसतो. जवळून घेतलेल्या फोटोत तेच कापड लालसर, फिकट होतं. अशा वेळी बरेच जण फिल्टर लावत बसतात, पण दोष बहुतेक वेळा फोटो काढतानाच झालेला असतो.

मोबाईलचा कॅमेरा ऑटोवर असला की समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं करू पाहतो. चौकटीत कागद जास्त असला तर कॅमेरा सगळंच गडद करतो, गडद कापड भरून राहिलं तर सगळंच उजळ करतो. म्हणून पूर्ण ओढणी चौकटीत घेऊन पडद्यावर बोट दाबून धरा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, लॉक करा. मग उजेडाची पट्टी हळूहळू वर न्या. कागद पांढरा दिसू लागला पण त्याच्या कडा अजून दिसतात, तिथेच थांबा. हाताने आकडे ठरवायचा प्रो मोड असेल तर आयएसओ आणि शटरचा वेग ठरवून टाका आणि जवळचे फोटोही त्याच आकड्यांवर काढा.

व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोतले रंग सावरण्याचंही तसंच. चौकटभर मरून असलं की ऑटो व्हाइट बॅलन्सला तो उजेडाचाच रंग वाटू शकतो. मग तो लाली कमी करतो आणि कापड तपकिरी दिसतं. त्याच उजेडात राखाडी कार्ड ठेवून बॅलन्स ठरवा. ती सोय नसेल तर प्रो मोडमध्ये ५००० ते ५५०० केल्विनवर ठेवून पाहा. झेरॉक्सचा कागद मात्र मोजायला वापरू नका. त्यातल्या चमक आणणाऱ्या रसायनांमुळे तो दिवसाच्या उजेडात किंचित निळसर असतो आणि त्यावरून बॅलन्स केला की फोटो पिवळट होतो.

यापेक्षा वाईट चूक म्हणजे खिडकीच्या उजेडात पिवळा दिवाही चालू ठेवणं. कागदाची एक कड निळसर, दुसरी पिवळसर दिसली तर हेच झालं आहे. एका बॅलन्सने दोन्ही कडा सुधारत नाहीत. दिवा बंद करा आणि अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा.

पार्श्वभूमी अजून शुभ्र हवी म्हणून अख्खा फोटो उजळ करू नका. गडद लाल, नारिंगी अशा रंगांची वीण आधी नाहीशी होते. फोटो मोठा करून पाहा: धाग्यांच्या जागी सपाट रंगाचा पट्टा दिसला तर उजेड जास्त झाला. ॲपमध्ये फक्त पार्श्वभूमी निवडून ती उजळा, किंवा हलका राखाडी कागद तसाच राहू द्या. मला तर तोच बरा वाटतो, कारण पांढऱ्या कापडाची कड त्यावर स्पष्ट दिसते.

शेवटी पडद्याचा नाइट मोड बंद करून, कापड खिडकीत धरून फोटोशी ताडून पाहा. काही रंग दिव्याखाली खरोखरच वेगळे दिसतात. अशा कपड्याच्या फोटोसोबतच्या वर्णनात तसं लिहा आणि दिव्याखालचा एक फोटोही जोडा.