खात्यात पैसे असूनही टोलचा टॅग वाचला जात नसेल तर

काचेवरच्या साध्या टॅगमध्ये बॅटरी नसते. लेनवरचा अँटेना रेडिओ लहरी सोडतो, त्यांच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. पैसे टॅगमध्ये नसतातच. त्या क्रमांकाला जोडलेल्या खात्यातून ते वळते होतात.

शिल्लक असूनही फाटक उघडत नसेल, तर आधी काच बघा. उष्णता रोखणाऱ्या काही काचांवर धातूचा पातळ थर असतो आणि तो लहरी अडवतो. अशा काचेत आरशामागे बहुधा काळ्या ठिपक्यांची, बिनथराची जागा सोडलेली असते. टॅग तिथेच चिकटवा. हातातल्या रीडरनेही जवळून वाचला गेला आणि तरी नाकारला, तर मात्र अडचण खात्यात आहे.