‘मी असे बोललोच नाही’ असा फोन आल्यावर

बातमी छापून आल्यानंतर वक्त्याने विधान नाकारले, तर प्रथम त्याला नेमके काय नाकारायचे आहे हे लेखी विचारावे. कारण ‘शब्द माझे नाहीत’, ‘अर्थ बदलला’ आणि ‘बोललो, पण आता अडचण झाली’ या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिसऱ्या तक्रारीसाठी बातमी मागे घेण्याचे कारण नसते.

त्यानंतर ध्वनिमुद्रण केवळ त्या वाक्यापुरते न ऐकता आधीच्या प्रश्नापासून ऐकावे. समजा, नगरपरिषदेचा अभियंता ‘निधी आला तर जूनमध्ये काम सुरू होईल’ असे म्हणाला आणि आपण ‘जूनमध्ये काम सुरू होईल’ एवढेच छापले, तर शब्द त्याचेच असूनही चूक आपली ठरते, आणि ती तारखेसह स्पष्टपणे दुरुस्त करावी. ऑनलाइन मजकूर गुपचूप बदलू नये. जुन्या प्रतीचे स्क्रीनशॉट तोवर फिरू लागलेले असतात.

ध्वनिमुद्रणात विधान जसेच्या तसे सापडले, तर बातमी कायम ठेवून वक्त्याचा इन्कार तिच्याखाली द्यावा आणि ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याचे नमूद करावे. मूळ फाइल कापू नये व ज्या फोनवर ती आहे तो विकू नये (हा मोह अनेकांना नडला आहे), कारण प्रकरण न्यायालयात गेल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र देताना फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा तिचा सांकेतिक क्रमांक, आणि उपकरणाचा तपशील द्यावा लागतो. ध्वनिमुद्रण नसेल, तर वहीतील त्याच दिवशीची, तारीख-वेळेसह केलेली नोंद संपादकापुढे ठेवावी.