‘सब्जेक्ट टू’ने घातलेला घोळ: प्रॅक्टिकल कम्प्लीशन सर्टिफिकेट लिहिताना

इमारत वापरण्याइतपत पूर्ण झाली, या ज्या टप्प्याला पुण्यात आपण व्हर्च्युअल कम्प्लीशन म्हणतो, त्याला इंग्लंडमध्ये जेसीटी या बांधकामाच्या नमुना करारात प्रॅक्टिकल कम्प्लीशन म्हणतात. नाव बदललं, एवढंच समजून मी कामाला लागले आणि पहिल्याच सर्टिफिकेटला आपटले.

लीड्सजवळची अठरा फ्लॅट्सची इमारत. काम 12 एप्रिलला संपायचं होतं, 26 एप्रिलला संपत आलं. उशिराचा दंड आठवड्याला 2,500 पौंड. स्नॅग लिस्टमध्ये, म्हणजे राहिलेल्या-बिघडलेल्या किरकोळ कामांच्या यादीत, 41 बाबी: रंगाचे ओघळ, सैल स्विचप्लेट, दोन घासणारी दारं, पार्किंगच्या रेषा. ऑफिसच्या सर्व्हरवरचं एक जुनं सर्टिफिकेट उघडलं, नावं बदलली आणि पाठवलं. त्यात वाक्य होतं: ‘सोबतच्या यादीतली कामं 28 दिवसांत पूर्ण होण्याच्या अधीन राहून’ काम पूर्ण झाल्याचं प्रमाणित करतो. इंग्रजीत ‘सब्जेक्ट टू’. वाचायला किती भारदस्त वाटतं!

कंत्राटदार रेंगाळला. यादी संपायला 14 जून उजाडला. मग क्लायंटचं पत्र आलं: अट पाळली गेली नाही, म्हणजे सर्टिफिकेट लागूच झालं नाही, आणखी सात आठवड्यांचा दंड, 17,500 पौंड, कापा. कंत्राटदार म्हणाला, तारीख 26 एप्रिल लिहिली आहे, दंड तिथेच थांबला, निम्मं रिटेन्शन, म्हणजे बिलांतून राखून ठेवलेली रक्कम, द्या. दोघंही माझ्याच वाक्यावर बोट ठेवत होते.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण नुसता दंड अडकत नाही. सर्टिफिकेटमधल्या त्या एका तारखेला दंड थांबतो, रिटेन्शनचा निम्मा भाग सुटतो, दोषदुरुस्तीची मुदत सुरू होते आणि इमारतीची जोखीम क्लायंटकडे जाते. तारीख अटीवर टांगली की हे सगळं टांगतं. त्या सात आठवड्यांत आग लागली असती, तर विमा कोणाचा? मला आजही तो विचार रात्री आठवतो. म्हणून प्रमाणपत्र एकतर द्या, नाहीतर देऊ नका. अर्धं प्रमाणपत्र नसतं.

आता मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. सर्टिफिकेटमध्ये फक्त एवढंच: ‘26 एप्रिल रोजी प्रॅक्टिकल कम्प्लीशन झालं, असं माझं मत आहे.’ यादी सोबत जोडायची, पण वर स्पष्ट लिहायचं की ही त्या दिवशी दिसलेल्या किरकोळ बाबींची यादी आहे, ती पूर्ण नाही, तिच्यात नसलेल्या दोषांची जबाबदारी कंत्राटदाराची राहतेच, आणि यादीमुळे वरची तारीख सशर्त होत नाही. स्नॅगसाठीची मुदत वेगळ्या पत्रात, आणि त्या पत्रावर सर्टिफिकेट देण्याआधी कंत्राटदाराची सही. तेही ‘28 दिवसांत’ असं मोघम नाही, ‘24 मे, संध्याकाळी 5 पर्यंत’. शिवाय हे लिहायचंच, की ही मुदत करारातल्या दोषदुरुस्तीच्या मुदतीत भर घालत नाही आणि ती कमीही करत नाही. नाहीतर 25 मे रोजी कंत्राटदार म्हणतो, आमची जबाबदारी संपली.

मग कंत्राटदाराला हलवायचं कसं? जे झालेलं नाही त्याचं मूल्य पुढच्या बिलात शून्य धरा. हे साधं आहे आणि चालतं. त्यानंतरही नाही आला, तर लेखी सूचना द्या. जेसीटीत सूचना पाळली नाही, तर 7 दिवसांच्या नोटिशीनंतर क्लायंट दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च वळता करू शकतो.

आणि ‘किरकोळ’ म्हणजे काय, ते तुमच्या मनावर नाही. प्लिमथच्या विद्यार्थी वसतिगृहावरून 2019मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने (मीअर्स विरुद्ध कॉस्टप्लॅन) म्हटलं, की राहिलेलं काम आणि बिघडलेलं काम यात फरक नाही. क्षुल्लक नसलेला, डोळ्यांना दिसणारा दोष असेल, तर प्रॅक्टिकल कम्प्लीशन अडू शकतं. इमारत ताब्यात घेऊन ठरल्याप्रमाणे वापरता येते का, यावर क्षुल्लकपणा मोजायचा. माझ्या 41 बाबींत क्रमांक 33 होता, ‘जिन्यातल्या दोन फायर डोअरना क्लोजर नाहीत’, म्हणजे दार आपोआप बंद करणारी यंत्रणाच नाही. ती यादीत टाकून मी निश्चिंत होते. खरं तर त्या एका ओळीने मी स्वतःच लिहून दिलं होतं, की इमारत राहण्याजोगी झालेली नाही. क्लोजर बसायला दोन दिवस लागले असते. सर्टिफिकेट 29 एप्रिलचं दिलं असतं, तर कोणाचं काही बिघडत नव्हतं.

घाबरू नका, पहिल्या सर्टिफिकेटला सगळ्यांचेच हात थरथरतात. पण जुन्या फाइलीतून कॉपी करायला सांगणाऱ्या सीनियरकडे जाऊ नका. आमच्या ऑफिसात कामाचं मोजमाप आणि खर्च पाहणाऱ्या एक क्वांटिटी सर्व्हेअर बाई होत्या, कोणाशी फार बोलायच्या नाहीत. त्या मसुदा वाचून प्रत्येक बाबीपुढे विचारायच्या, ‘हे न करता भाडेकरू आज रात्री इथे झोपेल?’ आता पाठवण्याआधी मी यादी घेऊन इमारतीतून पुन्हा एक फेरी मारते आणि प्रत्येक ओळीला तोच प्रश्न विचारते. फायर डोअरपासून सुरुवात करते.