कर्ज फिटलं, तरी हप्ता कापला जातोय? या चुका टाळा

पगारदार पतसंस्थेचं कर्ज फिटलं की बहुतेकजण पहिला अर्ज मुख्याध्यापकांना किंवा आस्थापना शाखेला देतात. मी पगारबिलं करायचो तेव्हा असे अर्ज दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. मला ते बाजूला ठेवावे लागायचे, आणि अर्जदाराला वाटायचं मी मुद्दाम अडवतोय.

कारण कर्ज घेताना आपण संस्थेला करारनामा लिहून देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 प्रमाणे, संस्थेने लेखी मागणी केली की मालकाला पगारातून कपात करावीच लागते, आणि पूर्ण रक्कम मिळाल्याचं संस्था कळवत नाही तोवर ती चालू ठेवावी लागते. म्हणजे ‘थांबवा’ हा शब्द संस्थेकडून यावा लागतो. तुमच्या पासबुकातली शून्य बाकी कार्यालयाला पुरत नाही.

एका शिक्षकाचं उदाहरण घ्या. कपात 8,500 रुपये: हप्ता 7,500 आणि मासिक वर्गणी 1,000. त्यांनी 12 जूनला उरलेली सगळी बाकी एकरकमी भरली, पावती घेतली आणि निश्चिंत झाले. संस्थेची जूनची वसुली यादी तोवर कार्यालयात पोचलेली होती. जुलैच्या यादीतही जुनाच आकडा आला, कारण खातं बंद झाल्याची नोंद यादी करणाऱ्यापर्यंत गेलीच नाही. दोन महिन्यांत 15,000 रुपये जादा गेले.

मग त्यांनी दुसरी चूक केली. रागाने अर्जात लिहिलं, ‘संस्थेची सर्व कपात बंद करावी.’ यादीत सभासदापुढे बहुधा एकच एकूण आकडा असतो. हप्ता किती, वर्गणी किती, हे बिल करणाऱ्याला दिसत नाही. सगळंच बंद झालं तर वर्गणी थकते. म्हणून असं लिहा: ‘कर्जहप्ता 7,500 बंद करावा, वर्गणी 1,000 चालू ठेवावी.’

बाकी भरली त्याच दिवशी संस्थेकडून दोन कागद घ्या: बेबाकी दाखला, आणि कार्यालयाच्या नावे कपात बंद करण्याचं पत्र. पत्राची पोच आवक क्रमांकासह स्वतःकडे ठेवा. ‘आम्ही पाठवू’ यावर विसंबू नका. हातोहात नेलेलं पत्र बिल तयार होण्याआधी टेबलावर पोचतं. दुसरं तातडीचं कर्ज चालू असेल तर कोणता हप्ता बंद करायचा, ते कर्ज क्रमांकासह पत्रात यायला हवं.

गेलेले पैसे कार्यालयाकडे मागून उपयोग नाही, ते संस्थेकडे जमा झालेले असतात. आधी खातेउतारा घ्या आणि ती रक्कम कुठे टाकली ते पाहा. कधी ती ठेवीत जमा झालेली असते, कधी अनामत खात्यात पडून असते. मग त्या दोन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती जोडून परतावा मागा. वर सांगितलेल्या शिक्षकांचे 15,000 ठेवीत सापडले.