जुन्या प्रश्नपत्रिकांचा वारंवारता-तक्ता: स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचे उदाहरण

नागपुरात बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानांतून किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका जमवणे सोपे असते. अवघड असते ते त्यांतून उजळणीचा क्रम काढणे. सिव्हिल अभियांत्रिकीच्या पेपरांसाठी मी हे तक्ते तयार करत असे. त्यातील एका विषयाच्या आधारे ही पद्धत नवीन विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहे.

सर्वप्रथम प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर छापलेले सत्र आणि अभ्यासक्रमाची योजना पाहावी. अभ्यासक्रम बदलण्यापूर्वीच्या प्रश्नपत्रिका घ्यायच्याच असतील, तर सध्या वगळलेल्या घटकांवरील प्रश्न आधी खोडून टाकावेत. नागपुरातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आता स्वायत्त आहेत आणि त्यांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडेच निघतात. तेथील विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका सरावाला जरूर घ्याव्यात, परंतु तक्त्यात मिसळू नयेत.

तक्ता एक्सेलमध्ये करावा. प्रत्येक ओळीत एक घटक, प्रत्येक स्तंभात एक प्रश्नपत्रिका आणि चौकटीत त्या घटकाला मिळालेले गुण लिहावेत. युनिटचे नाव हाच घटक धरला तर सर्व ओळी सारख्याच दिसतात, कारण प्रत्येक युनिटवर प्रश्न येणारच असतो. उलट प्रत्येक गणिताची वेगळी ओळ केली, तर बहुतेक आकडे एकवरच थांबतात. ज्याची पद्धत एकदा शिकल्यावर त्या प्रकारची सर्व गणिते सुटतात, तेवढा भाग म्हणजे एक घटक, असे मी धरतो. आठ प्रश्नपत्रिका B ते I या स्तंभांत असतील, तर पहिल्या सूत्राने घटक किती पेपरांत आला ते कळते आणि दुसऱ्याने एकूण गुण कळतात:

```
=COUNTIF(B2:I2,">0")
=SUM(B2:I2)
```

येथवरचे काम यांत्रिक आहे. खरा प्रश्न ‘अथवा’चा आहे. ८० गुणांच्या जुन्या साच्यात बारा प्रश्न असत, प्रत्येक युनिटवर दोन, आणि त्यांपैकी एक पूर्ण सोडवायचा असे. प्रश्न ५ मधील ‘अ’ आणि प्रश्न ६ मधील ‘ब’ अशी निवड करता येत नसे. त्यामुळे एखादा घटक किती वेळा आला यापेक्षा तो कोणाच्या जोडीने आला, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

समजा, आठ प्रश्नपत्रिकांमध्ये बेंडिंग स्ट्रेस सात वेळा आणि शिअर स्ट्रेस सहा वेळा आला आहे. केवळ संख्या पाहून बेंडिंग स्ट्रेसवर भिस्त ठेवावीशी वाटेल. पण जोड्या तपासल्यावर असे दिसते, की त्या सातपैकी तीन पेपरांतच बेंडिंग स्ट्रेसवर १३ गुणांचा पूर्ण प्रश्न होता. उरलेल्या चार पेपरांत ‘अथवा’च्या दोन्ही बाजूंना उपप्रश्न ‘अ’ बेंडिंगचा आणि ‘ब’ शिअरचा होता, आणि आठव्या पेपरात बेंडिंग नव्हतेच. म्हणजे एकच घटक तयार करणाऱ्याला तीन वेळा पूर्ण गुण, चार वेळा जेमतेम निम्मे आणि एकदा शून्य मिळाले असते. तक्त्यात या दोन ओळी वेगळ्या असल्या, तरी उजळणीत त्यांना एकत्रच बसवावे लागते. त्यासाठी चौकटीत गुणांसोबत रंग भरावा: पूर्ण प्रश्न असल्यास हिरवा, उपप्रश्न असल्यास पिवळा.

दुसरी गोष्ट तक्त्यात दिसतच नाही. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्यांवर स्वतंत्र प्रश्न कमी आले, तरी बेंडिंग स्ट्रेसचे गणित बहुधा कमाल मोमेंट काढण्यापासूनच सुरू होते आणि मॅकॉलेच्या पद्धतीने डिफ्लेक्शन काढतानाही पहिली पायरी मोमेंटच्या समीकरणाचीच असते. म्हणून प्रत्येक घटकापुढे ‘आधी काय यावे लागते’ असा आणखी एक स्तंभ ठेवावा. ज्या घटकाचे नाव त्या स्तंभात वारंवार येते, तो स्वतःचे गुण कितीही असले तरी उजळणीत सर्वांत वर जातो.

सहा आणि सात यांतील फरकावर मात्र काही ठरवू नये. आठच प्रश्नपत्रिका असताना तो फरक योगायोगाचाही असू शकतो. मी घटकांचे तीनच गट करतो: जवळजवळ प्रत्येक वेळी येणारे, अधूनमधून येणारे आणि क्वचित येणारे. ‘दोन सत्रांत टॉर्शन आले नाही, म्हणजे या वेळी येणारच’ हा वसतिगृहातील लाडका तर्क आहे. पेपर काढणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नसते.

तक्ता विश्वासार्ह आहे का, हे परीक्षेपूर्वीच तपासता येते. सर्वांत ताजी प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून उरलेल्या सातांवरून गट करावेत आणि मग केवळ पहिल्या गटाच्या बळावर त्या पेपरात ८० पैकी किती गुणांचे प्रश्न सुटले असते, ते ‘अथवा’चा नियम पाळून मोजावे. उत्तीर्ण होण्याइतकेही गुण भरत नसतील, तर बहुधा घटक फार बारीक पाडलेले असतात किंवा पेपरांचा साचा बदललेला असतो. पहिल्या कारणासाठी ओळी एकत्र कराव्यात. दुसरे कारण असल्यास जुने स्तंभ काढून शेवटच्या तीन-चार प्रश्नपत्रिकांवरच क्रम लावावा.